एक पोर्ट, चार सर्व्हर

डेटा सेंटरमधल्या रॅकमागे गेलं की एक वेगळ्याच घडणीची केबल नजरेस पडते. तिच्या एका टोकाला जाड, चौकोनी धातूचं एकच डोकं असतं. तिथून हातभर अंतरावर ती फुटते आणि तिच्या चार बारीक काळ्या शाखा होतात. प्रत्येक शाखेच्या टोकाला तसंच, पण अरुंद डोकं असतं. जाड डोकं स्विचच्या 100 गिगाबिटच्या पोर्टमध्ये बसतं आणि चार अरुंद डोकी चार वेगवेगळ्या सर्व्हरमध्ये जातात. हिला ब्रेकआउट केबल म्हणतात. स्विचवर मोकळे राहिलेले मोठे पोर्ट कामाला लावायचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. पण केबल खोचून काम होत नाही, आणि तिथंच अनेकांची गाडी अडते.

घरातल्या मल्टिप्लगसारखं हे असेल, असा नवख्या माणसाचा पहिला समज होतो: एका सॉकेटमधली वीज चौघांत वाटली जाते, तसा एका पोर्टचा वेग चौघांत वाटला जात असेल. प्रत्यक्षात इथं काहीच वाटून घेतलं जात नाही. 100 गिगाबिटचा पोर्ट आतून मुळातच चार स्वतंत्र मार्गांचा बनलेला असतो. त्या मार्गांना लेन म्हणतात. प्रत्येक लेनमध्ये पाठवण्यासाठी तारांची एक जोडी आणि ऐकण्यासाठी दुसरी जोडी असते. म्हणजे चार लेनच्या मिळून आठ जोड्या, सोळा तारा. ब्रेकआउट केबल या आठ जोड्या दोन-दोन करून चार शाखांत मोकळ्या करते. तिच्यात वेग वाटणारी चिप नसते, तांब्याच्या साध्या केबलमध्ये तर सिग्नल वाढवणारी यंत्रणाही नसते. पहिल्या शाखेवरचा सर्व्हर कितीही काम करो, दुसऱ्या शाखेच्या 25 गिगाबिटमधला एक कणही त्याच्याकडे जात नाही.

ही चार लेनची रचना कुठून आली, हे पाहण्यासारखं आहे. 40 आणि 100 गिगाबिट इथरनेटचं मानक आयईईई या संस्थेनं 2010 मध्ये मंजूर केलं. त्यातलं 40 गिगाबिट म्हणजे 10 गिगाबिटच्या चार लेन. सुरुवातीचं 100 गिगाबिट मात्र 10 गिगाबिटच्या दहा लेनवरही चालायचं आणि त्याचे मॉड्यूल बरेच मोठे असत. पुढे एका लेनवर 25 गिगाबिट पाठवणं जमू लागलं, तेव्हा 100 गिगाबिटही चार लेनमध्ये मावलं आणि क्यूएसएफपी-28 नावाच्या छोट्या डोक्यात बसलं.

त्याच वेळी एक व्यवहारी प्रश्न पुढे आला. स्विचच्या चिपमध्ये 25 गिगाबिटची लेन तयार आहे, मग सर्व्हरला एकच लेन का देऊ नये? सर्व्हरला 10 गिगाबिट कमी पडत होतं, आणि 40 गिगाबिट द्यायचं तर चार लेन खर्ची पडत होत्या. गूगल, मायक्रोसॉफ्ट, अरिस्टा, ब्रॉडकॉम आणि मेलानॉक्स या कंपन्यांनी 2014 मध्ये एकत्र येऊन 25 गिगाबिटचा आराखडा पुढे केला. आयईईईचं स्वतःचं मानक 2016 मध्ये आलं. म्हणजे 25 गिगाबिट हा वेगच मोठ्या पोर्टच्या एका लेनचा हिशेब करून जन्माला आला. एका पोर्टमधून चार सर्व्हर जोडता यावेत, हे त्याच्या हेतूंपैकी एक. दोन मानकांमधलं हे दोन वर्षांचं अंतर लक्षात ठेवावं, कारण आजही एका चिवट बिघाडाचं मूळ तिथं सापडतं.

आता मुख्य प्रश्न. तारा आधीच वेगळ्या आहेत, लेनही वेगळ्या आहेत, मग स्विचला आणखी काय सांगावं लागतं?

पोर्ट 100 गिगाबिटवर चालत असतो तेव्हा स्विचची चिप येणाऱ्या माहितीचे 66 बिटांचे छोटे तुकडे पाडते आणि ते ओळीनं चारही लेनवर पसरत जाते. एकाच संदेशाचे तुकडे चारही तारांवरून धावतात. पलीकडच्या टोकाला ते पुन्हा योग्य क्रमानं जुळवता यावेत म्हणून चिप ठरावीक अंतरानं खुणेचे तुकडे मध्ये घालते. समोरच्या बाजूकडूनही तिला तशाच खुणा चारही लेनवर एकदम अपेक्षित असतात. त्या सापडेपर्यंत ती लिंक उभी राहिली असं मानतच नाही. ब्रेकआउट केबलच्या पलीकडे मात्र चार निरनिराळे सर्व्हर बसलेले असतात. प्रत्येक जण आपापली संपूर्ण संभाषणं आपल्या एकाच लेनवर पाठवतो, आणि बाकीच्या तिघांचा त्याला पत्ताही नसतो. त्यामुळे चिपला हव्या त्या खुणा कधीच येत नाहीत आणि पोर्ट बंदच राहतो.

म्हणून स्विचला स्पष्ट सांगावं लागतं, की या पोर्टच्या चार लेन एकत्र जोडू नकोस, प्रत्येक लेनला स्वतंत्र पोर्ट मान. तसं सांगितल्यावर चिप त्या जागी चार वेगळे पोर्ट तयार करते. प्रत्येकाचे स्वतःचे आकडे, स्वतःचे व्हीलॅन, स्वतःचं चालू-बंद. केबलच्या डोक्यात एक छोटी मेमरी चिप असते आणि ती कोणत्या जातीची केबल आहे हे तिच्यात नोंदलेलं असतं, त्यामुळे स्विचला केबल ओळखता येते. पण ओळखलं म्हणून बहुतेक स्विच आपणहून पोर्ट फोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पोर्ट फोडला की त्याचं जुनं नाव आणि त्या नावाखालची सगळी मांडणी जाते. असा निर्णय कोणी केबल खोचली म्हणून परस्पर होऊ नये.

एक उदाहरण सविस्तर पाहू. ऐरोली किंवा महापेच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये सहज दिसेल अशी रचना समजा. रॅकच्या माथ्यावर दोन स्विच आहेत. प्रत्येकावर 25 गिगाबिटचे 48 पोर्ट आणि 100 गिगाबिटचे सहा पोर्ट. 48 च्या 48 पोर्टांत सर्व्हर लागलेले आहेत. सहा मोठ्या पोर्टांपैकी चार वरच्या स्विचकडे जातात, दोन मोकळे आहेत. आता रॅकच्या तळाशी चार नवे सर्व्हर आले. प्रत्येकाच्या कार्डावर 25 गिगाबिटची दोन तोंडं आहेत. नवा स्विच घेण्याऐवजी दोन्ही स्विचवर प्रत्येकी एक मोठा पोर्ट फोडायचा आणि तीन मीटरच्या दोन ब्रेकआउट केबल लावायच्या, असं ठरलं. स्विच सिस्कोचे असून त्यांच्यावर एनएक्स-ओएस चालतं, आणि फोडायचा पोर्ट आहे 53 वा.

पहिली आज्ञा एवढीच:

```
configure terminal
interface breakout module 1 port 53 map 25g-4x
```

ही आज्ञा दिल्यावर `Ethernet1/53` हे नाव यादीतून नाहीसं होतं आणि त्या जागी `Ethernet1/53/1` पासून `Ethernet1/53/4` पर्यंत चार नवी नावं येतात. ती अगदी कोरी असतात. जुन्या पोर्टवर जे व्हीलॅन किंवा वर्णन लिहिलेलं होतं, त्यातलं काहीही इकडे येत नाही. म्हणून आज्ञा देण्याआधी जुनी मांडणी कुठं तरी उतरवून ठेवावी. उलट दिशेनंही हेच घडतं. त्याच आज्ञेच्या आधी `no` लावून पोर्ट पुन्हा अखंड केला, की चारही छोट्या पोर्टांची मांडणी पुसली जाते. चालू रॅकमध्ये हे काम दुपारी बारा वाजता करण्यासारखं नाही.

नंतर चारही नव्या पोर्टांना एकदम मांडणी देता येते:

```
interface Ethernet1/53/1-4
  switchport
  switchport mode trunk
  switchport trunk allowed vlan 10,20
  fec rs-fec
  no shutdown
```

यातली `fec` ची ओळ अनेकजण वगळतात. तिच्याकडे आपण थोड्या वेळानं येऊ. त्याआधी केबलच्या शाखांचा प्रश्न मिटवायला हवा.

चार शाखांवर सहसा 1 ते 4 असे आकडे छापलेले असतात. शाखा 1 म्हणजे पहिली लेन, आणि सिस्कोच्या नावात तीच `1/53/1`. इथं सगळं सरळ आहे. मात्र ज्युनिपरच्या स्विचवर फोडलेल्या पोर्टांची मोजणी शून्यापासून सुरू होते: `et-0/0/48:0` ते `et-0/0/48:3`. क्युम्युलस लिनक्सवरही `swp49s0` ते `swp49s3`. म्हणजे केबलवर 3 छापलेली शाखा पडद्यावर 2 या आकड्यानं दिसते. दोन कंपन्यांचे स्विच एकाच ठिकाणी वापरणाऱ्यांकडून इथं हमखास चुकीचा सर्व्हर बंद केला जातो. उपाय सोपा आहे. कोणत्या पोर्टवर कोणता सर्व्हर आहे हे केबलवरच्या आकड्यावरून ठरवू नये, एलएलडीपीला विचारावं. या पद्धतीत प्रत्येक यंत्र ठरावीक वेळानं शेजाऱ्याला आपलं नाव सांगत असतं. स्विचवर ती सोय चालू असेल आणि सर्व्हरही आपलं नाव सांगत असेल, तर `show lldp neighbors` च्या उत्तरात `1/53/3` समोर नेमका सर्व्हर दिसतो.

आता स्विचवर `show interface brief` पाहू. `Reason` च्या स्तंभात पोर्ट बंद असण्याचं कारण लिहिलेलं असतं. चारही पोर्टांसमोर `XCVR not inserted` असेल तर केबलचं डोकं नीट बसलेलं नाही किंवा स्विचला ते ओळखता आलेलं नाही. `Link not connected` असेल तर डोकं ओळखलं गेलं आहे, पण पलीकडून बोलणं जुळत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. पहिल्यात हात केबलकडे जायला हवा, दुसऱ्यात डोकं मांडणीकडे.

आपल्या उदाहरणात समजा तीन सर्व्हर लगेच जोडले गेले आणि तिसऱ्या शाखेवरचा मात्र `Link not connected` दाखवत राहिला. केबल नवी, स्विचची मांडणी चौघांना एकच. वेगळं आहे ते फक्त त्या सर्व्हरचं कार्ड, जे जुन्या साठ्यातून आलेलं आहे. इथं त्या `fec` च्या ओळीकडे वळावं लागतं.

25 गिगाबिटच्या लेनवर प्रत्यक्षात सेकंदाला 25.78 अब्ज बिट धावतात. एवढ्या वेगानं तांब्यातून तीन मीटर जाताना सिग्नल चांगलाच झिजतो आणि अधूनमधून एखादा बिट चुकीचा वाचला जातो. म्हणून पाठवणारा प्रत्येक तुकड्यासोबत काही जादा आकडे जोडतो, आणि घेणारा त्यांच्या आधारे चूक शोधून जागीच दुरुस्त करतो. या सोयीला एफईसी म्हणतात. तिचे दोन प्रकार प्रचलित आहेत. फायरकोड हा हलका प्रकार. रीड-सॉलोमन हा जास्त ताकदीचा: त्यात दहा-दहा बिटांच्या 514 तुकड्यांना आणखी 14 तुकडे जोडले जातात, आणि त्यातले सात बिघडले तरी मूळ माहिती जशीच्या तशी मिळते. त्याची किंमत म्हणून साधारण पाव मायक्रोसेकंद विलंब लागतो. तिसरा पर्याय म्हणजे एफईसी पूर्ण बंद. तो आखूड किंवा चांगल्या जाड तारेच्या केबललाच परवडतो. तांब्याची पाच मीटरपर्यंतची केबल मानकात बसते ती रीड-सॉलोमनच्या जोरावर.

अडचण अशी, की दोन्ही टोकांनी एकच प्रकार वापरायला हवा. एका बाजूला रीड-सॉलोमन आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, अशी स्थिती असेल तर लिंक उभी राहत नाही. क्वचित एका टोकाला ती चालू आणि दुसऱ्या टोकाला बंद दिसते, आणि मग शोध भलत्याच दिशेला जातो. तांब्याच्या केबलवर दोन टोकांनी आपसात बोलणी करून प्रकार ठरवावा, अशी सोय मानकात आहे. पण एका बाजूला कोणी वेग पक्का ठरवून ती बोलणी बंद केलेली असते, किंवा कार्ड 2014 च्या आराखड्यावर बनलेलं असतं आणि स्विच 2016 च्या मानकाची भाषा बोलत असतो. मघाशी सांगितलेलं दोन वर्षांचं अंतर ते हेच. एनएक्स-ओएसमध्ये रीड-सॉलोमनसाठी `rs-fec` च्या जोडीला `rs-cons16` आणि `rs-ieee` असे वेगळे पर्याय ठेवावे लागले, त्यामागेही हाच इतिहास आहे.

लिनक्स असलेल्या सर्व्हरवर हे तपासायला तीन आज्ञा पुरतात:

```
ethtool ens1f0
ethtool --show-fec ens1f0
ethtool --set-fec ens1f0 encoding rs
```

पहिलीनं `Link detected: no` सांगितलं, दुसरीनं एफईसी बंद असल्याचं सांगितलं, आणि तिसरी दिल्यावर काही क्षणांत लिंक आली, तर निदान पक्कं झालं. ही मांडणी सर्व्हर बंद-चालू केल्यावर टिकेलच असं नाही. ती नेटवर्कच्या कायमच्या फाइलमध्येही लिहावी लागते, नाहीतर महिन्याभरानं सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर तोच बिघाड परत येतो आणि तेव्हा कारण कोणालाच आठवत नाही.

लिंक आली तरी लगेच हात झटकू नयेत. एक दिवस चालू दिल्यावर `show interface counters errors` मध्ये चारही पोर्टांचे चुकांचे आकडे पाहावेत. एकाच शाखेवर आकडा वाढत असेल तर ती शाखा आणि शेजारची शाखा सर्व्हरच्या बाजूला अदलाबदल करून लावावी. चुका सर्व्हरसोबत राहिल्या तर दोष कार्डाचा. शाखेसोबत सरकल्या तर दोष केबलचा किंवा स्विचच्या त्या लेनचा. मग संपूर्ण केबल दुसऱ्या मोठ्या पोर्टमध्ये लावून उरलेल्या दोघांतला दोषी ठरवता येतो. चार शाखांच्या केबलचा हा एक फायदाच म्हणायचा, तुलनेसाठी तीन निरोगी शाखा हाताशी असतात.

काही चुका मांडणीनं सुधारतच नाहीत. त्यात सर्वांत जास्त दिसणारी म्हणजे केबल उलटी लावणं. कोणाकडे 100 गिगाबिटचं कार्ड असलेला एक सर्व्हर असतो आणि स्विचवर 25 गिगाबिटचे चार पोर्ट मोकळे असतात. मग जाड डोकं सर्व्हरमध्ये आणि चार शाखा स्विचमध्ये, अशी कल्पना सुचते. केबल दोन्हीकडे बसते. पण आता फोडण्याचं काम सर्व्हरच्या कार्डानं करायला हवं, आणि बहुतेक कार्डांना ते येत नाही. अपवाद आहेत. इंटेलच्या एक्सएल-710 मालिकेतल्या 40 गिगाबिटच्या कार्डांचा पोर्ट एका खास साधनानं 10 गिगाबिटच्या चार पोर्टांत बदलता येतो, आणि त्यानंतरच्या ई-810 मालिकेतही तशी सोय आहे. पण कार्डाच्या माहितीपत्रकात ही सोय स्पष्ट लिहिलेली नसेल, तर ती नाही असंच धरावं.

आणि समजा तसं जमलं, तरी त्या सर्व्हरला 100 गिगाबिटची एक वाट मिळत नाही. त्याला 25 च्या चार वाटा मिळतात. त्या एका गटात बांधल्या तरी एखादी मोठी फाइल एकाच जोडणीतून जात असेल, तर ती एकाच वाटेनं, 25 गिगाबिटनंच जाते.

रॅकच्या बाहेर जायचं असेल तर तांबं पुरत नाही, फायबर लागतं. इथंही फोडणं शक्य आहे, पण मॉड्यूल कोणत्या जातीचा आहे त्यावर सगळं अवलंबून. एसआर-4 जातीचा मॉड्यूल चार लेन चार वेगळ्या फायबरमधून पाठवतो आणि आणखी चार फायबरमधून ऐकतो. त्याच्या एमपीओ नावाच्या रुंद तोंडात बारा फायबरची जागा असते. त्यातल्या कडेच्या चार-चार वापरल्या जातात आणि मधल्या चार रिकाम्या राहतात. त्या आठ फायबर दोन-दोन करून चार जोड्यांत मोकळ्या केल्या, की प्रत्येक जोडी सर्व्हरमधल्या 25 गिगाबिटच्या एसआर मॉड्यूलला भिडते. ओएम-4 फायबरवर हे 100 मीटरपर्यंत चालतं, आणि इथं दोन्ही टोकांना रीड-सॉलोमन एफईसी मानकानंच आवश्यक ठरवलेलं आहे. तांब्यावर होते तशी आपसातली बोलणी या प्रकाशावर होत नाही, म्हणून वेग आणि एफईसी दोन्ही टोकांना हातानं जुळवून द्यावं लागतं.

दहा किलोमीटर जाणारा एलआर-4 मॉड्यूल मात्र फोडता येत नाही. नावात 4 आहे, आत चार लेनही आहेत, पण तो त्यांना प्रकाशाच्या चार वेगवेगळ्या रंगांत घालून एकाच फायबरमधून पाठवतो. बाहेर दोनच फायबर येतात, एक जाण्याची आणि एक येण्याची. तिथं मोकळं करायला काही उरतच नाही. नावातला 4 पाहून हे महागडे मॉड्यूल मागवले जातात आणि परत पाठवायची वेळ येते.

स्विचच्या चिपच्याही मर्यादा असतात, आणि त्या खरेदीआधी कळल्या तरच उपयोगाच्या. मेलानॉक्सचा एसएन-2700 हा स्विच 100 गिगाबिटच्या 32 पोर्टांचा. 32 ला 4 नं गुणून 128 सर्व्हर जोडता येतील असं कागदावर वाटतं. पण त्याची चिप एकूण 64 पोर्टच सांभाळू शकते. त्यामुळे एक पोर्ट चारात फोडला की त्याचा शेजारचा पोर्ट बंद ठेवावा लागतो. म्हणजे 16 पोर्ट फोडायचे, 16 गमवायचे, आणि हाती येतात 64. आधीच्या पिढीत ब्रॉडकॉमच्या ट्रायडंट-2 चिपवर 40 गिगाबिटच्या 32 पोर्टांचे स्विच निघाले, त्यांनाही 104 पोर्टांची मर्यादा होती: 24 पोर्ट फोडून 96, आणि उरलेले आठ अखंड. तिथं रॅकची आखणी 128 धरून केलेली असेल तर 24 सर्व्हरना जागा मिळत नाही. शेजारचा पोर्ट बंद पडण्यात तर आणखी धोका आहे. त्या शेजारच्या पोर्टवर वरच्या स्विचकडे जाणारी जोडणी असेल, तर नव्या चार सर्व्हरसाठी जुन्या सगळ्या सर्व्हरची एक वाट तुटते.

वेगाचंही बंधन असतं. बहुतेक स्विचवर एका पोर्टच्या चारही शाखा एकाच वेगानं चालतात. एका शाखेवर 10 गिगाबिटचा जुना सर्व्हर आणि बाकी तिघांवर 25, असं मिश्रण साधारणपणे होत नाही. जुन्यांसाठी वेगळा पोर्ट `10g-4x` असा फोडावा लागतो.

आपल्या उदाहरणात प्रत्येक सर्व्हरची दोन तोंडं दोन वेगळ्या स्विचवर नेली, त्याला कारण आहे. केबलचं जाड डोकं एक आहे, ते बसतं तो खाचाही एकच. ते डोकं निघालं, मॉड्यूल जळाला किंवा कोणी चुकून पोर्ट अखंड केला, की चार सर्व्हर एकदम तुटतात. म्हणून एकाच सर्व्हरची दोन तोंडं एकाच ब्रेकआउट केबलच्या दोन शाखांवर लावून त्याला राखीव वाट म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे. आकृतीत त्या दोन रेषा दिसतात, प्रत्यक्षात दोन्ही एकाच डोक्यावर लटकलेल्या असतात. दोन स्विच नसतील तर निदान दोन वेगळे मोठे पोर्ट आणि दोन केबल वापराव्यात.

400 गिगाबिटच्या पोर्टांवरही आता हीच पद्धत चालते. डीआर-4 जातीचा मॉड्यूल 100 गिगाबिटच्या चार वाटा चार वेगळ्या फायबर-जोड्यांतून पाचशे मीटरपर्यंत नेतो, आणि त्या फोडून 100 गिगाबिटची चार यंत्रं जोडता येतात. फरक एवढाच, की या वाटांवरचा सिग्नल नव्या पद्धतीचा असतो. 25 च्या चार लेन वापरणारे जुने 100 गिगाबिटचे एसआर-4 किंवा एलआर-4 मॉड्यूल त्याच्याशी बोलू शकत नाहीत. समोरही एकाच वाटेवर 100 गिगाबिट नेणारा, डीआरसारखा मॉड्यूल लागतो.

केबल मागवण्याआधी स्विचच्या नेमक्या मॉडेलचं आणि त्यावर चालणाऱ्या आवृत्तीचं माहितीपत्रक उघडून तीन गोष्टी पाहाव्यात: कोणते पोर्ट फोडता येतात, किती वेगात, आणि फोडल्यावर कोणता शेजारी बंद पडतो. चौथी गोष्ट सर्व्हरच्या कार्डाच्या माहितीपत्रकात सापडेल: ते कोणत्या प्रकारचं एफईसी बोलतं. या चार उत्तरांनंतरच ऑर्डर द्यावी.